साइट प्लॅन सर्व्हेच्या कोऑर्डिनेटवर आणि खऱ्या उत्तरेवर बसवताना: कोकण किनाऱ्यावरच्या एका प्लॉटचे उदाहरण

एका जागेची पाच ड्रॉइंग असतात: सर्व्हेअरचा टोटल स्टेशनचा सर्व्हे, भूमी अभिलेखची मोजणीची 'क' प्रत, आर्किटेक्टचा प्लॅन, स्ट्रक्चरचा प्लॅन आणि भरतीरेषेचा नकाशा. ती एकावर एक टाकली की एक भिंत गडग्याच्या पलीकडे जाते आणि विहीर पार्किंगमध्ये येते. मग प्रत्येक जण आपापल्या फाइलमध्ये थोडेसे सरकवून, थोडेसे फिरवून जुळवतो. दुसऱ्या दिवशी सर्व्हेअर सुधारित फाइल पाठवतो आणि ते सगळे पुन्हा करावे लागते.

यावर एकच नियम आहे: सर्व्हे जागचा हलत नाही, बाकी सगळे त्याच्याकडे येतात. पुढे सगळीकडे ऑटोकॅड गृहीत धरले आहे. उदाहरण रत्नागिरीजवळच्या सड्यावरच्या प्लॉटचे आहे. त्यावर ३६ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद इमारत बसवायची आहे, आणि ती समोरच्या रस्त्याला समांतर म्हणजे तिरकी आहे.

## १. फाइल उघडण्याआधी सर्व्हेअरला विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न: कोऑर्डिनेट कुठल्या पद्धतीत आहेत? सगळे कोकण यूटीएमच्या ४३ उत्तर या पट्ट्यात येते. हा पट्टा ७२ ते ७८ पूर्व रेखांशांचा असून त्याची मध्यरेषा ७५ अंशांवर आहे. किनाऱ्यावरच्या जागेचे ईस्टिंग साधारण २ लाख ६० हजार ते ३ लाख ६० हजार आणि नॉर्दिंग १७ लाख ४० हजार ते २२ लाख २५ हजार मीटरच्या दरम्यान यायला हवे. आकडे १०००, १००० किंवा ५०००, ५००० च्या आसपास असतील, तर सर्व्हेअरने स्थानिक आरंभबिंदू धरला आहे. त्यात वाईट काही नाही, पण तो सर्व्हे अजून पृथ्वीवर बसलेला नाही.

दुसरा प्रश्न: उत्तर कशावरून धरली? स्थानिक सर्व्हेत ती बहुतेक वेळा होकायंत्रावरून घेतलेली असते. गाडी, लोखंडी गेट किंवा सळयांचा ढीग जवळ असला की होकायंत्र सहज एखाद-दोन अंश भरकटते. असा सर्व्हे असेल तर जागेवरच्या दोन पक्क्या दगडांचे कोऑर्डिनेट डीजीपीएसने घ्यायला सांगा.

हे दोन दगड एकमेकांपासून लांब हवेत, प्लॉटच्या लांबीएवढे तरी. कारण साधे आहे. दगड २० मीटरवर असतील आणि एकाच्या मापात २ सेंटीमीटरची चूक असेल, तर २०० मीटर लांबच्या कोपऱ्यावर तीच चूक २० सेंटीमीटर होते. दगड १६० मीटरवर असतील तर ती अडीच सेंटीमीटरच्या आसपास राहते.

तिसरी गोष्ट मागून घ्यायची: दोन्ही दगडांचे आकडे मजकुराच्या फाइलमध्ये, आणि त्यात ईस्टिंग आधी आहे की नॉर्दिंग, हे लिहून. टोटल स्टेशनच्या अनेक फाइलींत नॉर्दिंग आधी असते, तर ऑटोकॅडला एक्स म्हणजे ईस्टिंग आधी लागते.

आपल्या उदाहरणातले दगड (ईस्टिंग, नॉर्दिंग, मीटर):

```
P1  319012.450, 1879231.800
P2  319152.730, 1879318.260
```

तपासणी: दोन्हींमधले अंतर १६४.७८४ मीटर येते. सर्व्हेअरने जागेवर मोजलेले अंतर वेगळे विचारा. दोन्ही एक-दोन सेंटीमीटरांत जुळायला हवीत. हे अंतर ईस्टिंग-नॉर्दिंगची अदलाबदल मात्र पकडत नाही, कारण अदलाबदल केली तरी अंतर तेच राहते. ती चूक दिसते नकाशात: प्लॉट आरशात पाहिल्यासारखा उलटा होतो, आणि रस्त्याच्या डाव्या हाताला असलेली विहीर उजव्या हाताला येते.

## २. मुख्य साइट फाइल तयार करणे

सर्व्हेअरच्या फाइलमध्ये थेट काम सुरू करू नका. एक नवी, रिकामी फाइल घ्या. तिच्यात स्वतःचे फार थोडे काढायचे असते. तिचे काम बाकीच्या फाइली एक्सरेफ म्हणून एकत्र धरणे एवढेच. ती मीटरमध्ये ठेवा.

```
UCS
W
INSUNITS
6
INSBASE
0,0,0
```

मीटरचाच आग्रह यासाठी की हीच जागा मिलीमीटरमध्ये मांडली तर नॉर्दिंग दहा आकडी होते. मग हॅच फाटतो, वर्तुळे थरथरतात आणि स्नॅप भलतीकडे लागतो. मीटरमध्ये सात आकडी नॉर्दिंग ऑटोकॅड निवांत सांभाळतो.

`UCS` वर्ल्डवर असणे ही या टप्प्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. एक्सरेफ चालू `UCS` प्रमाणे बसतो. ते आधीच फिरवलेले असेल तर तुम्ही ०,० टाइप कराल आणि फाइल भलत्याच ठिकाणी, तिरकी बसेल.

## ३. सर्व्हे जोडणे

`XATTACH` ने सर्व्हेअरची फाइल जोडा: जागा ०,०,०, स्केल १, फिरवणे ०. स्क्रीनवर काहीच दिसणार नाही, कारण प्लॉट आरंभबिंदूपासून जवळजवळ १९०० किलोमीटर लांब आहे. `ZOOM` आणि मग `E` दिले की तो दिसतो. नेमके याच क्षणी लोक घाबरतात आणि सर्व्हे उचलून शून्याजवळ आणून ठेवतात. तसे केले की कोऑर्डिनेट गेले, आणि भरतीरेषेचा नकाशा आता कशावरही बसणार नाही.

तपासणी: `ID` कमांड देऊन पहिल्या दगडावर टिचकी मारा. आकडे सर्व्हेअरच्या यादीशी मिलीमीटरपर्यंत जुळले पाहिजेत. जुळले नाहीत तर आधी सर्व्हे फाइल उघडून तिचा `INSBASE` पाहा. तो ०,०,० नसेल तर जोडलेली फाइल नेमकी तेवढीच सरकते. हे कारण स्क्रीनवर दिसत नाही, म्हणून शोधण्यात अर्धा दिवस जातो.

सर्व्हे स्थानिक आकड्यांत असेल तर तो एकदाच, त्याच्या मूळ फाइलमध्ये, `ALIGN` ने खऱ्या आकड्यांवर न्या. पहिला दगड त्याच्या खऱ्या जागी, दुसरा त्याच्या खऱ्या जागी, मग एंटर. शेवटी स्केल करायचे का, असे विचारले जाते तेव्हा `N`. यामुळे पहिला दगड तंतोतंत बसतो आणि दुसऱ्याकडे फक्त दिशा जुळते. मापात जो फरक असेल तो दुसऱ्या दगडापाशी उघडा पडतो. तो मोजा. एक-दोन सेंटीमीटर असेल तर ठीक. अर्धा मीटर असेल तर दगडच चुकीचा पकडला आहे. `Y` दिले असते तर हा फरक ताणून लपवला गेला असता आणि तुमचा प्लॉट नकळत लहान-मोठा झाला असता.

## ४. इमारतीची जागा आकड्यांत ठरवणे

चुका सर्वांत जास्त इथे होतात, म्हणून इथे वेळ द्यावा.

आर्किटेक्टचा प्लॅन सरळच राहू द्या. त्याच्या फाइलमध्ये कॉलम ग्रिडचा ए-१ हा छेद ०,० वर आणि लांब बाजू एक्स अक्षावर असू द्या, मिलीमीटरमध्ये. तिरकी इमारत प्रत्यक्ष तिरकी काढून काम करायला कोणालाच सोयीचे नसते आणि तशी गरजही नाही. तिरकेपणा मुख्य फाइलमधल्या एक्सरेफमध्ये राहील.

मुख्य फाइलमध्ये समोरच्या हद्दीपासून सोडायचे अंतर धरून ए-१ चा बिंदू आणि लांब बाजूची रेषा काढा. मग `LIST` ने आकडे वाचा आणि ते मुद्दाम गोल करा. समजा कोन २३.९८७१६ अंश आला. ऑटोकॅडची अचूकता कमी ठेवलेली असेल तर तो स्क्रीनवर २४ दिसतो, तुम्ही सर्वांना २४ कळवता आणि स्वतःच्या फाइलमध्ये मात्र २३.९८७१६ ठेवता. ३६ मीटरच्या टोकाला हा फरक ८ मिलीमीटर होतो. कॉलमच्या बाबतीत हा फरक लपत नाही. म्हणून रेषाच बरोबर २४ अंशांवर पुन्हा काढा आणि ए-१ पाच सेंटीमीटरच्या पटीत आणा. सोडायचे अंतर त्यानंतर पुन्हा मोजायचे आणि कमी पडत नाही ना, हे पाहायचे.

आपल्या इमारतीचा निर्णय असा:

```
A-1 = 319064.200, 1879275.600
Rotation = 24
```

हे २४ अंश एक्स अक्षापासून, म्हणजे ग्रिडच्या पूर्वेपासून, घड्याळाच्या उलट दिशेने आहेत. सर्व्हेअरचा दिगंश उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने असतो. त्याच्या भाषेत हीच रेषा ६६ अंशांवर आहे. ९० मधून दिगंश वजा केला की ऑटोकॅडचा कोन मिळतो. सर्व्हेअरने ६६ सांगितले म्हणून फिरवण्याच्या जागी ६६ टाकणे ही नेहमीची चूक आहे, आणि इमारत ४५ अंशांच्या जवळपास असेल तर ती डोळ्यांना कळतही नाही.

आता आर्किटेक्टची फाइल जोडा. जागेत वरचे आकडे, फिरवण्यात २४, स्केल १. आर्किटेक्टच्या फाइलमध्ये `INSUNITS` 4 म्हणजे मिलीमीटर असेल, तर ऑटोकॅड स्वतःच ०.००१ ने लहान करतो. जोडण्याच्या खिडकीत तो गुणक लिहिलेला दिसतो. वर तुम्हीही स्केल ०.००१ टाकला तर इमारत दोनदा लहान होते आणि ३६ मीटरची लांबी ३६ मिलीमीटर उरते. ती ठिपक्याएवढी असल्यामुळे फाइल जोडलीच गेली नाही असे वाटते, आणि माणूस ती पुन्हा जोडतो.

तपासणी: `ID` ने तीन छेद पाहा.

```
A-9  319097.088, 1879290.243
D-1  319058.099, 1879289.303
D-9  319090.987, 1879303.946
```

ए-१ ते डी-९ कर्ण बरोबर ३९.००० मीटर यायला हवा. ए-९ जुळला पण डी-१ जुळला नाही, तर आर्किटेक्टचा प्लॅन आरशात उलटलेला आहे किंवा ए आणि डी रेषांची नावे बदलली आहेत. म्हणूनच दोन बिंदूंवर कधी थांबू नका, तिसरा नेहमी पाहा.

## ५. बाकीची ड्रॉइंग

स्ट्रक्चर, प्लंबिंग आणि वीज यांच्या फाइली आर्किटेक्टच्याच ए-१ वर ०,० धरून असल्या तर तेच तीन आकडे टाकून बसतात. म्हणून काम सुरू होतानाच हे आकडे, यूटीएम ४३ उत्तर हे नाव आणि वरचे तीन तपासणीचे बिंदू एका छोट्या तक्त्यात घालून सर्वांना पाठवा. रस्ता, गटार आणि बाग यांची ड्रॉइंग सर्व्हेवर काढलेली असतात; ती ०,०,० वर जोडायची.

मोजणीची 'क' प्रत वेगळी वागवावी लागते. ती कागदाची प्रत असते. झेरॉक्स आणि स्कॅनमध्ये ती आडवी-उभी सारखी ताणली जात नाही, आणि तिच्यावरचा उत्तरेचा बाण अर्ध्या अंशाच्या कामाला पुरत नाही. तो बाण जुळवून नकाशा बसवू नका. मोजणीच्या वेळी दाखवलेल्या हद्दीच्या खुणा सर्व्हेअरकडून टोटल स्टेशनने उचलून घ्या आणि हद्दीची रेषा त्या बिंदूंमधून काढा. स्कॅन फक्त खाली ठेवून खुणांचा क्रम आणि हिस्सा नंबर बरोबर आहेत ना, एवढे पाहायचे.

कोकणात आणखी एक घोळ असतो तो गडग्याचा. जांभ्याचा गडगा चांगला जाड असतो आणि सर्व्हेअरने त्याची आतली कड उचलली, बाहेरची की मध्य, यावर तेवढ्या जाडीचा फरक पडतो. शिवाय गडगा म्हणजे कायदेशीर हद्द असेलच असे नाही. सर्व्हेत गडग्याच्या दोन्ही कडा वेगळ्या लेअरवर हव्यात आणि हद्दीची रेषा तिसऱ्या.

भरतीरेषेचा नकाशा अधिकृत संस्थेकडून कोऑर्डिनेटसह मिळाला तर तो ०,०,० वर आपोआप बसला पाहिजे. बसला नाही तर तो हाताने ओढून जुळवू नका. त्याचा डेटम आणि पट्टा विचारा. या रेषेपासून किती अंतर सोडायचे यावर परवानगी अवलंबून असते, त्यामुळे हाताने सरकवलेली रेषा पुढे फार महागात पडते.

सावधान: उपग्रहाच्या चित्रावर काही जुळवायला जाऊ नका. ही चित्रे जागोजागी काही मीटर सरकलेली असतात. प्लॉट खाडीत पडला नाही ना, एवढे पाहण्यापुरतीच ती कामाची आहेत.

## ६. खरी उत्तर

आतापर्यंत स्क्रीनवरची वरची दिशा म्हणजे ग्रिडची उत्तर होती. ती आणि खरी उत्तर फक्त ७५ अंश रेखांशावर एक होतात. कोकण त्या रेषेच्या पश्चिमेला आहे, म्हणून इथे खरी उत्तर ग्रिडच्या उत्तरेच्या थोडी उजवीकडे, घड्याळाच्या दिशेने असते. किती, ते असे काढायचे:

```
(रेखांश - 75) × sin(अक्षांश)
(73.30 - 75) × sin(16.99°) = -0.50°
```

रत्नागिरीला अर्धा अंश. हेच अलिबागला सुमारे ०.६८ आणि वेंगुर्ल्याला ०.३७ येते. उणे चिन्हाचा अर्थ ग्रिडची उत्तर खऱ्या उत्तरेच्या पश्चिमेला आहे. म्हणून आपल्या इमारतीची लांब बाजू ग्रिडवर ६६ अंशांवर असली तरी खऱ्या उत्तरेपासून ६५.५ अंशांवर आहे. सावलीचा अभ्यास आणि सौर पॅनेल यांसाठी हा दुसरा आकडा वापरायचा. ऊन-सावलीसाठी अर्धा अंश क्षुल्लक आहे. पण कोणी या अर्ध्या अंशाने ड्रॉइंग फिरवले तर २०० मीटरवर पावणेदोन मीटरचा फरक पडतो.

आणि लोक नेमके तेच करतात. बाण सरळ वर यावा म्हणून सगळे निवडून `ROTATE`, आधार ०,०, कोन ०.५. आरंभबिंदू १९०० किलोमीटर लांब असल्यामुळे प्लॉट जवळजवळ साडेसोळा किलोमीटर पश्चिमेला, थेट अरबी समुद्रात जातो. प्लॉटच्याच कोपऱ्याभोवती फिरवले तर तो समुद्रात जात नाही, पण ते जास्त धोक्याचे: चूक दिसत नाही आणि कोऑर्डिनेट मात्र खोटे होतात.

फिरवायचा तो बाण. उत्तरेच्या बाणाचा ब्लॉक उणे ०.५ अंश फिरवा आणि खाली "खरी उत्तर" असे लिहा. बाजूला ग्रिडच्या उत्तरेची बारीक रेष दिली तर वाचणाऱ्याला दोन्ही कळतात.

## ७. शीटवर इमारत सरळ दाखवणे

शीटवर तिरकी इमारत वाचायला अवघड जाते, म्हणून ती आडवी हवी असते. यासाठीही काहीच फिरवायचे नाही, फक्त पाहण्याची दिशा बदलायची. लेआउटमध्ये व्ह्यूपोर्टच्या आत जा आणि:

```
UCS
Z
24
PLAN
C
```

दृश्य फिरते, कोऑर्डिनेट तसेच राहतात. मग स्केल द्या, व्ह्यूपोर्ट लॉक करा आणि `UCS`, `W` देऊन वर्ल्डवर परत या. परत यायचे विसरलात तर पुढचा एक्सरेफ २४ अंश तिरका बसेल. दुसऱ्या टप्प्यातला इशारा याचसाठी होता. या शीटवर उत्तरेचा बाण दृश्याबरोबर फिरला पाहिजे, म्हणून तो मॉडेलमध्ये ठेवलेला बरा. शीटवर वेगळा बाण ठेवला तर तो हमखास जुन्याच दिशेला राहतो.

## ८. जागेवर आखणीआधी

यूटीएममधले अंतर आणि टेपने मोजलेले अंतर सगळीकडे सारखे नसते. मध्यरेषेपासून सुमारे १८० किलोमीटरवर ती दोन्ही जवळजवळ जुळतात, आणि रत्नागिरी नेमकी त्याच अंतरावर आहे. तिथे २०० मीटरला फरक मिलीमीटरभरच. अलिबागला मात्र २०० मीटरला ग्रिडचे अंतर साडेचार सेंटीमीटर जास्त येते आणि वेंगुर्ल्याला सुमारे पावणेतीन सेंटीमीटर कमी. अशा ठिकाणी इमारत स्केल करू नका. ए-१ आणि कोन ग्रिडवरून घ्यायचे, आणि इमारतीच्या आतली सगळी मापे टेपची, ड्रॉइंगवर लिहिली तशीच. सर्व्हेअरने टोटल स्टेशनमध्ये स्केल गुणक चालू ठेवला आहे का, हे आखणीच्या सकाळी विचारा.

डीजीपीएसने दिलेल्या उंचीकडेही एकदा बघा. समुद्रकाठच्या जागेची उंची उणे कित्येक मीटर दिसत असेल, तर ती समुद्रसपाटीपासूनची नाही, पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची आहे. जोत्याची पातळी तिच्यावर धरायची नाही.

आखणी करताना टोटल स्टेशन पहिल्या दगडावर लावून दुसऱ्यावर दिशा धरा. ए-१, ए-९, डी-१ आणि डी-९ या चारही खुंट्या कोऑर्डिनेटवरून ठोका आणि मग टेपने दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही ३९ मीटर आले, पण समोरच्या हद्दीपासूनचे अंतर ड्रॉइंगपेक्षा वेगळे आले, तर इमारतीचा आकार बरोबर आहे आणि चूक हद्दीच्या बिंदूत किंवा इमारतीच्या जागेत आहे. कर्ण एकमेकांपासून वेगळे आले तर खुंटी चुकली. दोन्ही कर्ण सारखे आणि हद्दही समांतर, पण सगळी इमारत एका बाजूला सरकलेली असेल, तर टोटल स्टेशनमध्ये पहिल्या दगडाचे आकडे टाइप करताना अंक चुकला आहे का, ते आधी पाहा, खोदाई त्यानंतर.